चौकशीला किती मिनिटांत उत्तर द्यावं? गूगल, इन्स्टा आणि पोर्टलचा हिशेब

चिरेबंदी

मंडळी, म्हापशात आमचं वॉटरप्रूफिंगचं काम आहे. गच्ची, बाल्कनी, पाण्याच्या टाक्या, जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती. फेब्रुवारी ते मे हा आमचा हंगाम. साइटवरचं काम नवरा आणि दीर बघतात, ऑफिस आणि जाहिराती माझ्याकडे.

चौकश्या तीन वाटांनी येतात: गूगल सर्चवरची जाहिरात (त्यातून कुणी थेट फोन करतं, कुणी वेबसाइटवरचा फॉर्म भरतं), इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतला फॉर्म, आणि वर्षाचे पैसे भरून घेतलेलं एक लिस्टिंग पोर्टल. यंदा मी प्रत्येक चौकशी शीटमध्ये लिहिली. कुठून आली, किती वाजता आली, आमच्यातल्या माणसाने पहिलं उत्तर किती वाजता दिलं, आणि अ‍ॅडव्हान्स आला की नाही. आपोआप जाणारा "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" हा मेसेज मी उत्तर म्हणून धरलेला नाही.

हंगाम संपल्यावर बेरीज केली ती अशी:

15 मिनिटांच्या आत उत्तर दिलं: 200 चौकश्या, 30 कामं, म्हणजे 15 टक्के
त्यानंतर कधीतरी दिलं: 300 चौकश्या, 18 कामं, म्हणजे 6 टक्के

अडीच पट फरक! उशीर होतो तो मुख्यतः दुपारी 1 ते 4, कारण तेव्हा आपल्याकडे सगळंच बंद असतं, आणि रात्री 9 नंतर. म्हणून विचार चाललाय की पुढच्या हंगामात या दोन वेळांत फक्त उत्तरं द्यायला कुणाला तरी ठेवावं. महिन्याला साधारण 10 हजार जातील. एका कामामागे सगळा खर्च वजा जाता आमच्या हातात 12 ते 15 हजार राहतात. उशिराच्या 300 चौकश्यांवर 9 टक्के वाढ धरली तर 27 कामं जास्त मिळायला हवीत. हा हिशेब बरोबर आहे का? कुणी असं करून बघितलंय का?

सत्तरीचा_गडी

ताई, विचारताय काय, ठेवा माणूस! यावर अमेरिकेत संशोधन झालेलं आहे. 5 मिनिटांत फोन केला तर 30 मिनिटांनी केलेल्या फोनपेक्षा 21 पट फायदा होतो. तुमची 15 मिनिटंसुद्धा जास्तच झाली. मी साखळीत गाड्यांच्या शोरूमसाठी लीड बघायचो, आमच्याकडे नियमच होता की लीड आली की 5 मिनिटांत फोन गेलाच पाहिजे. मग ती कुठूनही येवो.

दर्याकिनारी

चांगला विषय. काणकोणला आमचा होमस्टे आहे आणि आमची वेबसाइट फारच हळू उघडते. मोबाइलवर पहिला फोटो दिसेपर्यंत माणूस निघून जातो. फोटो लहान केले तर फरक पडतो का? होस्टिंग बदलावं का?

मावशी_फोंडा

दर्याकिनारी, त्या वेबसाइटच्या वेगाबद्दल विचारत नाहीयेत, आलेल्या चौकशीला उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्याबद्दल विचारतायत. पण फोटो लहान करच बाई. तुझी साइट मीही उघडायला गेले होते.

मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. गेल्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडला आणि बेडरूमच्या स्लॅबमधून थेंब पडायला लागले. मोबाइलवर शोधलं आणि वरपासून एकेकाला फोन लावत सुटले. पहिल्याने उचलला नाही, दुसऱ्याचा बंद, तिसऱ्याने उचलला आणि संध्याकाळी शिडी घेऊन आला. काम त्यालाच दिलं. पहिल्याचा रात्री साडेआठला फोन आला, "मॅडम, मिस्ड कॉल होता." तोवर माझं ठरलं होतं. तो कदाचित स्वस्तात करून देणार होता, पण मी विचारलंच नाही.

आकडेमोड

चिरेबंदीताई, शीट इतकी नीट ठेवलीय म्हणून आधी अभिनंदन. आपोआप गेलेला मेसेज उत्तर म्हणून न धरणं फार महत्त्वाचं आहे. बहुतेक जण तो धरतात आणि मग सगळ्यांचाच वेळ शून्य मिनिटं दिसतो.

मी पणजीत जाहिरातींचेच आकडे बघतो. तुमच्या 27 कामांवर माझा विश्वास बसत नाहीये, आणि त्याचं कारण तुमच्याच शीटमध्ये सापडेल असं वाटतं. हेच दोन गट तिन्ही सोर्सप्रमाणे वेगळे करून इथे टाकाल का? मला शंका अशी आहे की लवकर उत्तर मिळालेल्यांत गूगलवाले जास्त असतील आणि उशिरा उत्तर मिळालेल्यांत इन्स्टावाले. तसं असेल तर तुम्ही वेगाची तुलना करत नाही आहात, गूगलची इन्स्टाशी तुलना करताय.

सत्तरीचा_गडी, तुम्ही म्हणता ते संशोधन आहे, पण ते काय मोजतं ते बघा. 21 पट हा आकडा 2007 च्या अभ्यासातला. त्याच संशोधकाचा पुढचा लेख 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. त्यात 2,241 अमेरिकन कंपन्यांना चौकशी पाठवून बघितलं होतं. ज्यांनी महिन्याभरात उत्तर दिलं त्यांची सरासरी निघाली 42 तास, आणि 23 टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना तासानंतर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट यश, असंही त्यात आहे. पण यश म्हणजे काय? निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं झालं, एवढंच. पैसे आले असा त्याचा अर्थ नाही. आणि चौकशी कुठल्या जाहिरातीतून आली त्याप्रमाणे फोड त्या आकड्यांत नाही. तो आकडा म्हापशाच्या गच्चीला तसाच लावता येणार नाही.

सत्तरीचा_गडी

बोलणंच झालं नाही तर पैसे कुठून येणार? पहिली पायरी तीच ना!

आकडेमोड

हो, पायरी तीच, त्यात वाद नाही. पण 21 पट बोलणी झाली म्हणून 21 पट कामं मिळत नाहीत. लवकर फोन केला की नुसते चाळणारे लोकही फोनवर सापडतात. त्यांच्याशी बोलणं होतं, काम मिळत नाही.

चिरेबंदी

आकडेमोड, रात्री बसून वेगळं केलं. हे घ्या.

गूगल: लवकर 120 पैकी 24 कामं (20 टक्के), उशिरा 40 पैकी 6 (15 टक्के)
इन्स्टा: लवकर 50 पैकी 2 (4 टक्के), उशिरा 200 पैकी 8 (4 टक्के)
पोर्टल: लवकर 30 पैकी 4 (13 टक्के), उशिरा 60 पैकी 4 (साधारण 7 टक्के)

बेरीज पुन्हा तपासली, 200 ला 30 आणि 300 ला 18 बरोबर जुळतात. पण मग अडीच पट गेलं कुठे? एकाही ओळीत अडीच पट दिसत नाही!

आकडेमोड

हेच बघायचं होतं. लवकरच्या 200 मध्ये 120 गूगलचे आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. उशिराच्या 300 मध्ये 200 इन्स्टाचे. गूगलवर शोधणाऱ्याच्या घरात गळती लागलेली असते. इन्स्टावरचा रील बघता बघता बोट लावतो, आणि फॉर्ममध्ये नाव-नंबर आधीच भरलेले येतात, त्यामुळे पाठवायला एक सेकंद लागतो. हे दोन गट मुळातच वेगळे आहेत. तुम्ही कितीही वेगाने धावलात तरी इन्स्टाचा माणूस गूगलचा होत नाही.

आता तुमचा 27 कामांचा हिशेब सोर्सप्रमाणे करू. उशिराचे सगळे लवकर झाले असते असं धरा. गूगलचे 40, फरक 5 टक्के, म्हणजे 2 कामं. पोर्टलचे 60, फरक साधारण साडेसहा टक्के, म्हणजे 4 कामं. इन्स्टाचे 200, फरक शून्य, म्हणजे एकही नाही. एकूण 6. 27 नाही, 6.

आणि हे 6 सुद्धा फार भरवशाचे नाहीत. गूगलच्या उशिराच्या 40 मध्ये 6 ऐवजी 8 कामं आली असती तर तिथेही 20 टक्के झाले असते आणि फरकच संपला असता. दोन गिऱ्हाइकांनी मन बदललं की निष्कर्ष बदलतो, एवढी ती संख्या लहान आहे. पोर्टलचंही तसंच.

कौलारू

आम्ही तीस वर्षं हेच काम करतो, जाहिरात केली नाही. एकाचं घर नीट केलं की शेजारचा बोलावतो. हा आकड्यांचा खेळ कशाला?

मावशी_फोंडा

कौलारू, तुमचा नंबर द्या ना मग. माझ्या शेजारणीची गच्ची अजून गळतेय आणि तिला तुमच्याबद्दल कुणीच सांगितलेलं नाही.

फोनवाली

मी चार-पाच वर्षं पर्वरीत एका बिल्डरसाठी टेलिकॉलिंग केलंय, म्हणून इन्स्टाबद्दल सांगते. 4 आणि 4 टक्के बघून मला अजिबात नवल वाटलं नाही.

इन्स्टाच्या लीडला लगेच फोन केला की अनोळखी नंबर बघून लोक उचलत नाहीत. उचलला तर "कुठला फॉर्म? मी नाही भरला" असं म्हणतात. खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच आठवत नाही. मग आमच्या मॅनेजरने पद्धत बदलली. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच जाहिरातीचा फोटो पाठवायचा, खाली एक साधा प्रश्न, आणि संध्याकाळी 6 ते 8 मध्ये फोन. प्रश्न असा की एका शब्दात उत्तर देता येईल. तुमच्याकडे "गळती गच्चीतून आहे की भिंतीतून?" असा चालेल. ज्याने उत्तर दिलं त्याला आधी फोन. फोटो बघितला की त्याला आपण कोण ते आठवतं.

पोर्टलचं मात्र उलट. तिथे एकच चौकशी एकाच वेळी चार-पाच जणांना जाते. गिऱ्हाइकाचा फोन लागोपाठ वाजायला लागतो आणि तिसऱ्यानंतर तो उचलायचं बंद करतो. तिथे शर्यतच असते. पहिले दोन नंबर लागले तर ठीक, नाहीतर त्या दिवशी नाद सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे फोन करायचा. तोवर बाकीचे गप्प झालेले असतात.

कुवेतहून_परत

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कुवेतला असताना बार्देशमधल्या घरासाठी असाच फॉर्म भरला होता. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. गोव्यातल्या एका कंपनीने दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर 9 वाजता फोन केला, म्हणजे माझ्याकडे साडेसहा. नंतर परत साडेनऊला, परत दहाला. मी नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या एकाने फक्त मेसेज टाकला, "तुम्ही मोकळे असाल तेव्हा सांगा, मी घर बघून व्हिडिओ पाठवतो." काम त्याला दिलं.

आपल्याकडे किती घरं बंद असतात आणि मालक आखातात, लंडनला, नाहीतर मुंबई-पुण्यात असतात ते बघा. त्यांना 5 मिनिटांत फोन नको असतो. घर उघडून कोण दाखवणार, चावी कुणाकडे, भाव काय, हे त्यांना लिहून हवं असतं.

सत्तरीचा_गडी

हे अपवाद झाले. गाडी घेणारा आणि गच्ची दुरुस्त करणारा दोघेही तापलेले असतानाच पकडायचे असतात. 15 मिनिटांचा गट फार मोठा आहे. 5 च्या आतले वेगळे काढा, इन्स्टावरही फरक दिसेल. मी पैज लावतो.

आकडेमोड

गडीभाऊ, ही शंका रास्त आहे. 2 मिनिटांत दिलेलं उत्तर आणि 14 मिनिटांनी दिलेलं, दोन्ही एकाच गटात बसली आहेत. पण ताईंकडे इन्स्टाचे लवकरचे एकूण 50 आणि त्यात 2 कामं. त्याचे आणखी तुकडे केले तर एका तुकड्यात 1 काम आणि दुसऱ्यात 1, नाहीतर 2 आणि शून्य. त्यातून काहीच वाचता येणार नाही. इन्स्टासाठी "काम मिळालं" याऐवजी "घर बघायला बोलावलं" हा टप्पा मोजला तर संख्या वाढेल आणि काहीतरी दिसेल.

ताई, मला जास्त खटकतंय ते गूगलचं. गूगलच्या लवकरच्या 120 मध्ये उचललेले फोनही आहेत ना? उचललेल्या फोनचा उत्तराचा वेळ शून्यच असणार. फोन करणारा आणि फॉर्म भरणारा हेही दोन वेगळे लोक आहेत. मावशींसारखा माणूस फॉर्म भरत बसत नाही. त्यामुळे गूगलच्या पोटातही तीच भेसळ असू शकते. फोन आणि फॉर्म वेगळे करा. आणि ज्या मिस्ड कॉलना परत फोन केलाच गेला नाही ते शीटमध्ये आहेत का तेही बघा. अशा शीटमध्ये बहुतेकदा हेच राहून जातं. त्या रकान्यात लिहायला वेळच नसते, म्हणून ती ओळच लिहिली जात नाही.

दर्याकिनारी

वाचता वाचता मलाही माझे आकडे काढावेसे वाटले. बुकिंगच्या चौकश्या वेबसाइटच्या फॉर्मवरून येतात, उत्तर मी मेलवर देते. दोन्ही वेळा शीटमध्ये टाकल्या तर माझं सगळ्यात जलद उत्तरसुद्धा 335 मिनिटांचं दिसतंय. हे कसं शक्य आहे? कित्येकदा मी तर लगेच उत्तर देते.

आकडेमोड

तुमच्या फॉर्मची वेळ यूटीसीमध्ये नोंदली जातेय. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे 330 मिनिटं. तुमचं जलद उत्तर 5 मिनिटांचंच आहे. सगळ्यात छोटा आकडा 330 च्या जरा वर दिसला की हेच कारण समजा. A रकान्यात फॉर्मची वेळ आणि B मध्ये उत्तराची वेळ असेल तर उत्तराची मिनिटं अशी काढा:

```
=(B2-(A2+TIME(5,30,0)))*1440
```

आणि सरासरी घेऊ नका. रात्री 11 ला आलेल्या चौकशीला सकाळी 9 ला उत्तर दिलं की एकाच ओळीत 600 मिनिटं पडतात आणि सगळी सरासरी वर जाते. त्याऐवजी मधला आकडा घ्या. सोर्स D मध्ये आणि मिनिटं E मध्ये असतील तर:

```
=MEDIAN(FILTER(E2:E,D2:D="google"))
```

दर्याकिनारी

झालं! 335 चे 5 झाले. आता फोटो लहान करायला घेते.

चिरेबंदी

आकडेमोड, ऑफिसच्या मोबाइलचा कॉल लॉग समोर ठेवून गूगलचे फोन आणि फॉर्म वेगळे केले. तुमचा अंदाज खरा निघाला.

फॉर्म: लवकर 50 पैकी 8 कामं, उशिरा 25 पैकी 4. दोन्हीकडे 16 टक्के.
फोन: लगेच उचलला 70 पैकी 16 (23 टक्के), मिस्ड झाला आणि नंतर आम्ही केला 15 पैकी 2 (13 टक्के).

म्हणजे गूगलच्या फॉर्मला 15 मिनिटांत उत्तर दिलं काय किंवा दोन तासांनी दिलं काय, आमच्याकडे तरी फरक दिसत नाही. फरक दिसतो तो फोन उचलण्यात. याशिवाय काही मिस्ड कॉल असे सापडले ज्यांना परत फोन गेलाच नाही आणि ते शीटमध्ये नव्हते. त्यातले बरेचसे दुपारी दीड ते साडेतीनमधले आहेत, म्हणजे आमची डुलकीची वेळ. त्यातून काम मिळालं असतं की नाही ते आता कळायला मार्ग नाही.

मावशी_फोंडा

मी काय म्हटलं होतं! उचलला नाही की पुढचा नंबर.

कौलारू

सगळं वाचलं. जाहिरातीतलं मला कळत नाही, पण या कामातलं एक विसरताय. मे महिन्यात काय होतं? पावसाच्या भीतीने सगळ्यांना एकदम जाग येते. फोन दुप्पट वाजतात, माणसं मात्र तेवढीच. त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होतो. पण त्याच वेळी तुमच्या तारखाही भरलेल्या असतात. गिऱ्हाइकाला तुम्ही सांगता, "वीस दिवसांनी येतो." तो कसा थांबणार? पाऊस दारात आलेला. मेम्ब्रेन लावायला स्लॅब कोरडा लागतो, ओल्यावर लावलं की फुगे धरतं आणि दोन महिन्यांत सुटतं. जून लागला की आम्ही ताडपत्री टाकण्यापलीकडे काही करत नाही.

मग मे महिन्यातलं काम गेलं ते उशिरा फोन केला म्हणून गेलं की तारीख नव्हती म्हणून गेलं?

आकडेमोड

कौलारूबाब, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि या धाग्यातला हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. गर्दीमुळे उत्तराला उशीर होतो आणि गर्दीमुळेच काम हातचं जातं. शीटमध्ये मात्र असं दिसणार की उशिरामुळे काम गेलं.

ताई, पोर्टलचे उशिराचे 60 कुठल्या महिन्यातले आहेत? बरेचसे मे महिन्यातले निघाले तर ती 4 कामंही हिशेबातून काढावी लागतील. फेब्रुवारी-मार्चची तुलना फेब्रुवारी-मार्चशीच करायला हवी, जेव्हा तारखा मोकळ्या असतात.

चिरेबंदी

आत्ताच चाळलं. पोर्टलचे उशिराचे अर्ध्याहून जास्त मे महिन्यातले आहेत. मिस्ड कॉल मात्र चारही महिन्यांत पसरलेले आहेत, कारण आम्ही रोजच झोपतो.

मे महिन्यात आम्ही लोकांना "तारीख नाही" असंच सांगत होतो हे अगदी खरं. ते शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी "काम का गेलं" असा रकाना घालते: तारीख नव्हती, भाव पटला नाही, दुसऱ्याला दिलं, फोन उचलत नाही.

फोनवाली

त्या रकान्यात "फोन उचलत नाही" लिहिताना किती वेळा केला तेही लिहा. आमच्याकडे मुली एकदा फोन करून तसं लिहून मोकळ्या व्हायच्या.

सत्तरीचा_गडी

मग शेवटी माणूस ठेवायचा की नाही? ताईंचा मूळ प्रश्न राहिलाच.

आकडेमोड

माझं मत सांगतो, ताईंचा निर्णय ताई घेतील. शीट बघून फक्त फोनसाठी पैसे घालावेत असं वाटतं. त्यालाही 10 हजारांचा माणूस कशाला? दुपारी 1 ते 4 ऑफिसचा नंबर घरातल्या जाग्या माणसाच्या मोबाइलवर फॉरवर्ड करा. मावशींसारख्या गिऱ्हाइकाला तेव्हा एवढंच हवं असतं की कुणीतरी पत्ता लिहून घ्यावा आणि कधी येणार ते सांगावं. भाव सांगायची गरज नाही. पोर्टलवर मे सोडून बाकीच्या महिन्यांत शर्यतीत उतरायचं असेल तर त्याची सूचनाही त्याच मोबाइलवर येऊ द्या.

इन्स्टासाठी एक छोटी चाचणी करता येईल, त्यात गडीभाऊंची पैजही निकालात निघेल. फॉर्ममधल्या मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर 5 मिनिटांत फोन. विषम असेल तर फोनवालींची पद्धत, आधी फोटो आणि प्रश्न, संध्याकाळी फोन. कुणाला आधी करायचा हे आपण ठरवायचं नाही, नंबरच ठरवेल. आत्ता काय होतं, फॉर्ममध्ये "पूर्ण बंगला" लिहिलेलं दिसलं की आपण आपसूक त्याला आधी फोन करतो, आणि मग लवकर फोन केलेले जास्त कामं देतात असं दिसतं. ती आपल्या निवडीची करामत असते. मोजायचं घर बघायला बोलावलं की नाही ते. जाहिरात चालू असताना वेळेबाहेर आलेले फॉर्म दोन्ही गटांतून बाहेर ठेवा, कारण रात्री साडेअकराला 5 मिनिटांत फोन करणं बरं नव्हे.

सत्तरीचा_गडी

मंजूर. सम आकडेवाले जिंकणार. मी साखळीहून लक्ष ठेवून आहे.

कुवेतहून_परत

परदेशातले नंबर दोन्ही गटांतून काढा प्लीज. सम असला तरी साडेसहाला उठवू नका.

चिरेबंदी

घरात बोलणं झालं. सासूबाई दुपारी झोपत नाहीत आणि त्यांना गिऱ्हाइकांशी बोलायला आवडतं, त्या फोन घ्यायला तयार आहेत. एक छापील वही करून देणार आहे: नाव, गाव, गळती कुठून, घरात कोण राहतं, चावी कुणाकडे. शेवटचे दोन कुवेतहून_परत यांच्यामुळे सुचले. सासूबाईंचा पगारही ठरवला आहे, फुकट नाही.

इन्स्टाची सम-विषम चाचणी पुढच्या फेब्रुवारीत सुरू करणार, कारण आता पाऊस आहे आणि जाहिराती बंद आहेत. एक प्रश्न राहिला. काही लोक मुद्दाम छान नंबर घेतात, शेवटी सगळे 7 किंवा सगळे 9 असे. बंगलेवाले विषममध्ये जास्त जाणार नाहीत ना?

आकडेमोड

असे थोडे असतील, आणि 8888 वालेही आहेतच. पण मनात शंका असेल तर शेवटचे चार आकडे सोडून शेवटून पाचवा घ्या. फक्त सुरुवातीला जो ठरवाल तो हंगामभर बदलू नका.

फोनवाली

आणि सम-विषमचा कागद फोनशेजारी चिकटवा. शीट उघडून बघेपर्यंत 5 मिनिटं जातात.